वजन तेच, दुखणे वेगळे : खुजेपणा, लुकडेपणा आणि कमी वजन

अंगणवाडीत महिन्यातून एकदा मुलांचे वजन होते. सेविकाताई वजन लिहितात, आई विचारते, "कसे आहे?" उत्तर मिळते, "थोडे कमी आहे, खाऊ घाला." आई घरी येते. शेजारीण सांगते, "केळे आणि तूप द्या." सासूबाई सांगतात, "आमच्या घरात सगळेच बारीक, काही होत नाही." आणि पुढच्या महिन्यापर्यंत विषय संपतो.

या पानावर आम्ही आज एवढेच सांगणार आहोत की "वजन कमी आहे" हे वाक्य अर्धवट आहे. ते ऐकून मुलाला नेमके काय झाले आहे हे कळत नाही. वजन कमी असण्याची दोन अगदी वेगळी कारणे असू शकतात. एकात मूल आज, या महिन्यात उपाशी किंवा आजारी आहे. दुसऱ्यात मूल गेली दोन वर्षे, कदाचित आईच्या पोटात असल्यापासून, थोडे थोडे कमी पडत आले आहे. पहिल्यात धावपळ करावी लागते, दुसऱ्यात चिकाटी लागते. दोन्हीला एकच औषध दिले तर एकाचा जीव धोक्यात येतो आणि दुसऱ्याचे वर्ष वाया जाते.

तीन मापे, तीन प्रश्न

पाच वर्षांखालील मुलाचे कुपोषण ओळखायला तीन गोष्टी लागतात : वय, वजन आणि उंची. यांच्या जोड्या लावल्या की तीन मापे तयार होतात.

वयाच्या मानाने उंची कमी असेल तर त्याला खुजेपणा म्हणतात. अंगणवाडीत काही ठिकाणी बुटकेपणा हा शब्द वापरतात. हे माप विचारते : या मुलाची वाढ आजवर कशी झाली?

उंचीच्या मानाने वजन कमी असेल तर त्याला लुकडेपणा म्हणतात. "सॅम" आणि "मॅम" हे शब्द आपण सेविकाताईंच्या तोंडून ऐकतो, ते याच मापाचे आहेत. सॅम म्हणजे तीव्र, मॅम म्हणजे मध्यम. हे माप विचारते : या मुलाच्या अंगावर आज मांस आहे का?

वयाच्या मानाने वजन कमी असेल तर त्याला नुसते कमी वजन म्हणतात. दर महिन्याला होणारे माप हेच. ते सोपे आहे, कारण काटा आणि जन्मतारीख एवढ्यावर काम भागते. पण यात उंची कुठेच नाही. म्हणून मूल उंचीने लहान असल्यामुळे हलके आहे की अंगाने झडल्यामुळे हलके आहे, हे या मापातून कळू शकत नाही.

आमच्या वाचकांपैकी ज्या आज्या झाल्या आहेत, त्यांना "श्रेणी तीन, श्रेणी चार" ही जुनी भाषा आठवत असेल. ती सगळी फक्त वय आणि वजन यावर होती. जॉन वॉटरलो या शास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत दाखवून दिले की एकाच श्रेणीत दोन वेगळ्या प्रकारची मुले मिसळली जातात, आणि त्यांना वेगळे करायचे तर उंची मोजावी लागते. आज आपण वापरतो ती विभागणी त्याच विचारातून आली.

उंची मागचे सांगते, वजन आजचे

हे असे का, याचे कारण साधे आहे. वजन वर जाते तसे खालीही येते. मुलाला आठ दिवस जुलाब झाले तर त्याच्या अंगातले पाणी जाते, चरबी जाते, मांस झडते. बरे झाले, जेवू लागले की वजन परत भरते. वजन म्हणजे घरातला पिठाचा डबा. आज भरलेला, पंधरा दिवसांनी रिकामा.

उंची मात्र कमी होत नाही. हाड एकदा वाढले की वाढले. मूल कितीही आजारी पडले तरी त्याची उंची एक सेंटिमीटरही घटत नाही. फक्त वाढायची थांबते. म्हणजे उंची ही रचत गेलेली भिंत आहे. ज्या महिन्यात विटा मिळाल्या नाहीत, त्या महिन्यात भिंत तेवढीच राहिली. आज त्या भिंतीची उंची मोजली की आजवर किती विटा कमी पडल्या याचा सगळा हिशेब एकदम दिसतो. कोणत्या महिन्यात कमी पडल्या हे मात्र त्यातून कळत नाही.

आणि विटा सर्वांत जास्त लागतात त्या सुरुवातीला. बाळ जन्मते तेव्हा साधारण ५० सेंटिमीटरचे असते. पहिल्या वर्षात ते सुमारे २५ सेंटिमीटर वाढते, दुसऱ्या वर्षात सुमारे १२, तिसऱ्यात सुमारे ९. पुढे वेग आणखी कमी होतो. ज्या काळात वाढीचा वेग जास्त, त्या काळातली उपासमार जास्त महाग पडते. म्हणून खुजेपणाची बहुतेक कमाई गर्भारपणापासून मुलाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या काळात होऊन जाते. हे साधारण एक हजार दिवस आहेत.

"कमी" म्हणजे किती कमी?

कोणतेही मूल दुसऱ्यासारखे नसते. मग कमी कुणाला म्हणायचे? त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली मुले त्यासाठी मोजली होती. भारतातली मुले दिल्लीची होती. या सर्व मुलांना आईचे दूध, पुरेसा आहार, स्वच्छ पाणी आणि लसीकरण मिळत होते. निकाल असा निघाला की अशी परिस्थिती मिळाली तर पहिल्या पाच वर्षांत दिल्लीचे मूल आणि नॉर्वेचे मूल जवळपास सारखेच वाढते.

"आमच्या घरात सगळेच बुटके" या वाक्याला हे उत्तर आहे. आईबाप ठेंगणे असतील तर एखादे मूल थोडे ठेंगणे होऊ शकते. पण एका वस्तीतली तीनात एक मुले खुजी असतील तर ते रक्तातले नाही. ते ताटातले, पाण्यातले आणि आईच्या गर्भारपणातले आहे. खुद्द आईबापही त्यांच्या बालपणी कमी पडलेले असू शकतात.

तक्त्यात एक रेषा असते. शंभर निरोगी मुले रांगेत उभी केली तर त्यांतली शेवटची दोन-तीनच त्या रेषेखाली येतात. त्या रेषेखाली आलेले मूल मध्यम. त्याहून खाली दुसरी रेषा आहे, तिच्याखाली हजार निरोगी मुलांतले जेमतेम एखादे येते. तिथे आलेले मूल तीव्र. आता आपल्या राज्याचे आकडे पाहू. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले खुजी, २५.६ टक्के लुकडी आणि ३६.१ टक्के कमी वजनाची आढळली. जिथे शंभरात दोन-तीन असायला हवीत, तिथे पंचवीस ते छत्तीस आहेत. ही तीन टक्केवारी एकमेकांत मिळवायची नसते, कारण एकच मूल दोन किंवा तिन्ही यादीत असू शकते.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. खुजेपणात महाराष्ट्र देशाच्या जवळपास बरोबरीला आहे, देशाचा आकडा ३५.५ आहे. पण लुकडेपणात देशाचा आकडा १९.३ आणि आपला २५.६. म्हणजे मागची उणीव सगळीकडे आहेच, आपल्याकडे आजची उणीवही जास्त आहे.

चार मुली, चार हिशेब

आता उदाहरण घेऊ. समजा, एका वस्तीत चार मुली आहेत. चौघींनाही आज दोन वर्षे पूर्ण झाली. या वयाच्या निरोगी मुलीचे वजन साधारण ११.५ किलो आणि उभी उंची साधारण ८५.७ सेंटिमीटर असते. वजन ९ किलोच्या खाली गेले तर कमी वजन, ८.१ च्या खाली गेले तर तीव्र कमी वजन. उंची ७९.३ सेंटिमीटरच्या खाली असेल तर खुजेपणा, ७६ च्या खाली असेल तर तीव्र खुजेपणा.

पहिली : वजन ८.८ किलो, उंची ८७ सेंटिमीटर.
दुसरी : वजन ८.८ किलो, उंची ७७ सेंटिमीटर.
तिसरी : वजन ७.३ किलो, उंची ७८ सेंटिमीटर.
चौथी : वजन ९.६ किलो, उंची ७८ सेंटिमीटर.

नुसता वजनाचा रकाना पाहिला तर पहिली आणि दुसरी सारख्याच. दोघीही ९ आणि ८.१ च्या मध्ये, म्हणजे "मध्यम कमी वजन". तिसरी "तीव्र कमी वजन". चौथी ठीक. आता उंची जोडून पाहू.

पहिलीची उंची वयाप्रमाणे उत्तम आहे, उलट थोडी जास्तच. म्हणजे गेली दोन वर्षे तिची वाढ चांगली झाली. पण ८७ सेंटिमीटरच्या मुलीचे वजन बारा किलोच्या आसपास हवे, आणि तिचे तर नऊसुद्धा नाही. ती तीव्र लुकडी आहे, म्हणजे सॅम. तिचे कार्ड उलटून पाहिले तर दिसेल की दीड वर्षाची असताना ती दहा किलोच्या वर होती. नंतर काही तरी घडले. पावसाळ्यात जुलाब लागले असतील, गोवर आला असेल, बापाचे नाक्यावरचे काम दोन महिने सुटले असेल, किंवा आईला कामावर जावे लागल्याने मूल दिवसभर मोठ्या भावंडाच्या हातच्या चहा-बिस्किटावर राहिले असेल. हे अलीकडचे आहे आणि चालू आहे. रजिस्टरात तिच्या नावापुढे "मध्यम" लिहिले आहे, पण चौघींतल्या सर्वांत धोक्यातल्या दोघींत ती आहे. तीव्र लुकड्या मुलाला मृत्यूचा धोका चांगल्या पोषणाच्या मुलाच्या सुमारे नऊ पट असतो, कारण साधा न्यूमोनिया किंवा जुलाब सोसायला अंगात साठा उरलेला नसतो.

दुसरी मुलगी उंचीने दीड वर्षाच्या मुलीपेक्षाही लहान आहे. ७७ सेंटिमीटरच्या मुलीला साडेनऊ किलोच्या आसपास वजन शोभते. ८.८ हे थोडे कमी, पण लुकडेपणाच्या रेषेच्या वरच. ती झडलेली नाही, ती लहान राहिलेली आहे. तिच्या कार्डावर वजनाची रेघ कधी धाडकन पडलेली दिसणार नाही. ती जन्मापासून खालच्या पट्ट्यातून सरपटत आलेली दिसेल. बहुधा जन्माचे वजन अडीच किलोच्या आत असेल, वरचे अन्न उशिरा सुरू झाले असेल, डाळीचे वरचे पाणी आणि भात एवढ्यावर दुसरे वर्ष गेले असेल, आणि दर दीड-दोन महिन्यांनी जुलाब किंवा खोकला होत असेल. पाहणाऱ्याला ती आजारी वाटत नाही. समवयस्क मूल शेजारी उभे केले तरच फरक कळतो, नाहीतर लोक तिला "दीड वर्षाची दिसते" म्हणून सोडून देतात.

तिसरी खुजी आहे आणि तीव्र लुकडीही. तिच्या बाबतीत मागचेही कमी आणि आजचेही कमी. दोन्ही एकत्र असलेल्या मुलाला सर्वांत जास्त धोका असतो. या दोन गोष्टींचा आपसात संबंधही आहे : अंगावर मांस नसताना शरीर उंची वाढवायचे काम थांबवते. म्हणून जे मूल वारंवार लुकडे होते, ते हळूहळू खुजेही होत जाते. आजचा लुकडेपणा वेळेवर थांबवणे हा उद्याचा खुजेपणा टाळण्याचाही एक मार्ग आहे.

चौथीचे वजन हिरव्या पट्ट्यात आहे, त्यामुळे वजनाच्या रकान्यात ती कुणाच्या नजरेत भरत नाही. उंचीच्या मानाने तिचे अंग बरोबर भरलेले आहे, गाल गुबगुबीत असू शकतात. पण ती खुजी आहे. तिची उंची मोजली नाही तर ती कुठल्याच यादीत येणार नाही. वस्तीत खुजी मुले खूप असतात आणि तरीही कमी ओळखली जातात, त्याचे कारण हे.

माप चुकले तर निदान चुकते

उंची मोजायला वजनापेक्षा जास्त काळजी लागते. दोन वर्षांखालील मुलाला फळ्यावर आडवे निजवून मोजतात, दोन वर्षांवरील मुलाला उभे करून. एकच मूल आडवे मोजले तर उभ्यापेक्षा साधारण ०.७ सेंटिमीटर जास्त भरते, म्हणून कोणत्या पद्धतीने मोजले हे लिहिणे गरजेचे. मोजताना दोन माणसे हवीत : एकाने डोके फळ्याला टेकवून सरळ धरायचे, दुसऱ्याने गुडघे सरळ करून पावले टेकवायची. चप्पल, टोपी, डोक्यावरचा बो किंवा शेंडी हे सगळे आधी काढायचे. मूल रडत वळवळत असताना घाईने घेतलेले माप दोन-तीन सेंटिमीटरने सहज चुकते. शंका आली तर "ताई, परत एकदा मोजा" म्हणायला संकोच करू नये.

दुसरी चूक वयाची. वर सांगितलेली दुसरी मुलगी खरे तर २४ महिन्यांची नसून २० महिन्यांची असेल, तर तीच ७७ सेंटिमीटर उंची खुजेपणाच्या रेषेच्या थोडी वर जाते. चार महिन्यांच्या फरकाने निदान बदलले. म्हणून जन्मतारीख अंदाजाने सांगू नये, जन्मदाखला किंवा दवाखान्याचे कार्ड सोबत न्यावे. लुकडेपणाच्या मापाला मात्र वय लागतच नाही. तिथे फक्त वजन आणि उंची. वय माहीत नसले तरी लुकडेपणा पकडता येतो.

तिसरी गोष्ट सुजेची. काही मुलांच्या पायांवर कुपोषणाची सूज येते. सुजेतल्या पाण्यामुळे काट्यावर वजन बरे दिसते. दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाबून पाहावे. दोन्हीकडे खळगा तसाच राहिला तर काटा काहीही सांगो, ते मूल तीव्र कुपोषित समजून त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

उंचीचा फळा नसेल तेव्हा दंडघेराची रंगीत पट्टी कामाला येते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या डाव्या दंडाचा मध्य काढून, हात सैल सोडलेला असताना, पट्टी न आवळता गुंडाळायची. ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र. ११.५ ते १२.५ पिवळा, म्हणजे मध्यम. ही पट्टी आजचा लुकडेपणा सांगते. खुजेपणा तिच्यावर दिसत नाही, म्हणून पट्टी हिरवी आली की सगळे ठीक असे समजू नये.

कुणासाठी काय करायचे

पहिल्या आणि तिसऱ्या मुलीसाठी वाट पाहायची नसते. सेविकाताई किंवा आशाताईंना सांगून आरोग्य केंद्रात तपासणी करायची. मूल खात असेल, ताप, उलट्या, धाप किंवा सूज नसेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली घरी राहून किंवा बाल विकास केंद्रात उपचार होतात. मूल खायलाच तयार नसेल, मलूल पडले असेल किंवा वरचे कोणतेही लक्षण असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करावे लागते. इथे मजुरी बुडण्याचा प्रश्न असतो हे आम्ही जाणतो. म्हणून भरतीच्या काळात आईला मिळणाऱ्या भत्त्याबद्दल आणि जेवणाबद्दल केंद्रात आधीच विचारून घ्यावे.

एक इशारा. खूप झडलेल्या मुलाला घाबरून एकदम भरपूर दूध, तूप, मटणाचा रस्सा पाजू नये. उपासमारीत शरीराची यंत्रणा मंदावलेली असते, अचानक आलेला भार तिला सोसत नाही आणि मूल दगावू शकते. म्हणूनच केंद्रात पहिले काही दिवस ठरलेले हलके दूध, थोडे थोडे, दर दोन-तीन तासांनी, रात्रीही देतात, आणि मग हळूहळू वाढवतात. तोवर घरी आईचे दूध चालू ठेवावे, मूल ऊबदार ठेवावे आणि लवकर न्यावे. चांगल्या उपचाराने लुकडेपणा काही आठवड्यांत भरून निघतो.

दुसऱ्या आणि चौथ्या मुलीला नुसते वजन वाढवून उपयोग नाही. इथेच घराघरात चूक होते. बिस्किटे, साखरेचे पाणी, पाकिटातले कुरकुरीत खाणे, चहात बुडवलेली खारी यांनी पोट भरते आणि वजन थोडे वाढतेही, पण हाडे वाढत नाहीत. चहाने तर जेवणातले लोहही नीट अंगी लागत नाही. उंचीसाठी लागते ते अंडे, दूध, घट्ट डाळ, चवळी, मूग, शेंगदाण्याचा कूट, पालेभाजी, जमेल तेव्हा मासे, सुकट किंवा कलेजी बारीक करून. डाळीचे वरचे पाणी नव्हे, खालची डाळ द्यायची. दोन वर्षांच्या मुलाचे पोट लहान असते, म्हणून मोठ्यांसारखे दोनदा नव्हे तर तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एकदोन वेळा काही तरी. मोठ्यांच्या ताटात बसवले तर ते किती जेवले हे कळत नाही, वाटी वेगळी ठेवावी. अंगणवाडीचा घरपोच आहार त्या मुलाचा आहे, तो सगळ्या घरात वाटला गेला तर त्याच्या वाट्याला चमचाभर येतो.

दुसरी बाजू आजारांची. वारंवार जुलाब होणाऱ्या मुलाला खाल्लेले लागत नाही. नळाला पाणी दिवसाआड येत असेल तर साठवलेले पाणी झाकून, डावाने काढावे. भरवण्याआधी आणि शौचानंतर साबणाने हात धुवावेत. जुलाब झाले की ओआरएस आणि १४ दिवस झिंक द्यावे, आणि जेवण बंद करू नये. गटार उघडे आणि शौचालय दोनशे माणसांत एक असेल तर हे एकट्या आईच्या हातचे राहत नाही. तिथे वस्तीने मिळून वॉर्डात अर्ज देणे हाही मुलांच्या उंचीचाच उपाय आहे.

अशा मुलाची उंची दर तीन महिन्यांनी मोजावी. तिसऱ्या वर्षात तीन महिन्यांत साधारण दोन सेंटिमीटरहून थोडी अधिक वाढ व्हायला हवी. तेवढी होत असेल तर मार्ग बरोबर आहे. दोन वर्षांनंतर मागची सगळी उणीव भरून निघणे अवघड असते हे खरे, पण पुढची उणीव थांबवता येते. आणि त्याच घरात पुन्हा पाळणा हलणार असेल तर त्या बाळासाठी काम आजच सुरू होते : गर्भवतीचे जेवण, लोहाच्या गोळ्या, दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर, जन्मल्यावर पहिल्या तासात दूध, सहा महिने फक्त आईचे दूध आणि सहा महिने पूर्ण होताच वरचे अन्न.

अंगणवाडीत विचारायचे तीन प्रश्न

पुढच्या वेळी "वजन कमी आहे" असे ऐकले तर तेवढ्यावर परत येऊ नये. विचारावे : मागच्या महिन्यापेक्षा घटले की जन्मापासूनच खालच्या पट्ट्यात आहे? उंची मोजली का, आणि उंचीनुसार वजन कोणत्या रंगात येते? वयानुसार उंची कोणत्या रंगात येते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर "घटले" असे आले, किंवा उंचीनुसार वजनाचा रंग लाल निघाला, तर त्याच आठवड्यात दवाखाना. तो रंग हिरवा आणि वयानुसार उंचीचा रंग लाल किंवा पिवळा निघाला, तर ताट, पाणी आणि दर तीन महिन्यांनी फळा. ही तीन उत्तरे तारखेसह बाळाच्या कार्डावर मागच्या पानावर लिहून ठेवावीत. पुढच्या वेळी डॉक्टर ते पान आधी पाहतील.